कोकमची बाटली आणि बायरचं शेल्फ

सुपरमार्केटच्या बायरला आपल्या सरबताची चव आवडली, तरी काम झालं असं समजू नये. त्याच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा असतो: "तुमची बाटली ठेवायला मी कोणाची काढू?" शेल्फ आधीच भरलेलं असतं. म्हणून जाण्याआधी त्याच्याच दोन-तीन दुकानांत उभं राहून ज्यूसचं शेल्फ बघावं. कोणत्या बाटल्यांवर धूळ बसली आहे, कोणाच्या तारखा जुन्या आहेत, एकाच आंब्याच्या पेयाचे किती प्रकार ओळीने लावलेत, ते टिपून न्यावं. आपली एकूण विक्री सांगून त्याला काही कळत नाही. एका दुकानातून आठवड्याला किती बाटल्या जातात, हा आकडा त्याला हवा असतो. दादर-ठाण्याच्या कोकणी मेव्याच्या दुकानांतले असे आकडे हाताशी असले की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

*

सगळ्या शाखांमध्ये माल लावण्याचा आग्रह बायरने धरला तरी नको म्हणावं. निवडक दहा-बारा दुकानं मागावीत, जिथे कोकम म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही: दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली. शंभर दुकानांत एकेक बाटली मागच्या रांगेत गेली, तर सरासरी विक्री पडते आणि सहा महिन्यांनी त्याच सरासरीवर माल यादीतून काढला जातो. शिवाय नव्या मालाच्या नोंदणीची फी अनेकदा दुकानागणिक असते. दुकानं कमी, तर ती फीही कमी.

*

मार्जिनचा हिशोब कागदावर, त्याच्यासमोर करावा. समजा 200 मिलीची बाटली, एमआरपी 40 रुपये. बायर म्हणतो, "28 टक्के." कशावर 28? एमआरपीवर असेल तर आपली किंमत 28.80 रुपये. खरेदी किमतीवर असेल तर 31.25. एका शब्दाने बाटलीमागे जवळजवळ अडीच रुपये इकडचे तिकडे होतात, आणि "28 टक्के ठरलं" म्हणून दोघंही खूश होऊन उठतात.

बहुतेकदा ते एमआरपीवरच असतं. मग 28.80 मधून 5 टक्के जीएसटी वजा केला की 27.43 रुपये हाती येतात. बाटली, माल, लेबल, मजुरी मिळून 16 रुपये आणि कुडाळहून भिवंडीच्या गोदामापर्यंतचं भाडं दीड रुपया धरला, तर उरतात 9.93. हे नऊ रुपये त्र्याण्णव पैसे म्हणजे वाटाघाटीची आपली सगळी पुंजी. पुढे येणारी प्रत्येक मागणी यातूनच जाते: डिस्प्लेचे पैसे, वर्षअखेरचं रिबेट, फुटतूट, मुदत संपलेला माल. मी त्यासाठी दीड-पावणेदोन रुपये आधीच बाजूला काढते आणि उरलेल्या आठांवर बोलते.

(याच सरबतात गॅस भरायची कल्पना कोणीतरी काढतंच. सप्टेंबर 2025 पासून फळांच्या रसाच्या साध्या पेयावर 5 टक्के जीएसटी आहे, गॅस भरलेल्यावर 40. तेवढ्याने सगळा हिशोब मोडतो.)

*

ऑफरमध्ये पैसे सगळ्यांत वेगाने जातात. नव्या पेयाला बायर हमखास "एकावर एक" सुचवतो. फुकटच्या बाटलीचा भार आपल्यावर असेल, तर दोन बाटल्यांमागे 27.43 रुपये येतात आणि आपला खर्च होतो 35. जोडीमागे साडेसात रुपये घरातून. वर गिऱ्हाइकाच्या मनात किंमत 20 रुपयांवर बसते, ती वेगळीच.

20 टक्के सूट चालते, पण ती आठ रुपयांची सूट कोण सोसणार हे आधी विचारावं. 32 रुपयांवरही दुकानाने 28 टक्केच घेतले, तर आपल्याला जीएसटी वजा जाता 21.94 मिळतात, खर्च आणि फुटतूट जाऊन पावणेतीन रुपये उरतात. पण दुकानाने आपले पूर्ण 11.20 रुपये धरून ठेवले आणि आठही रुपये आपल्याकडून घेतले, तर उरतात साठ-पासष्ट पैसे. दोन्हीला बाहेरून "20 टक्के ऑफर"च म्हणतात.

दुसरी अट याहून मोठी. सूट बिलावर देऊ नये. काउंटरवर स्कॅन झालेल्या बाटल्यांवर, महिनाअखेरच्या विक्री अहवालानुसार क्रेडिट नोट द्यावी. बिलावर दिली की ऑफरच्या शेवटच्या आठवड्यात मोठी ऑर्डर येते, स्वस्तातला माल गोदामात साठतो आणि पुढचा महिनाभर पूर्ण भावाने विकला जातो. ऑर्डर एकदम तिप्पट झाली आणि स्कॅनचा आकडा तेवढाच राहिला, तर हेच चाललं आहे असं समजावं.

*

जागा कुठे? थंड कोकम उचलून तिथेच प्यायलं जातं. गरम शेल्फवर त्याला पाकिटातल्या ज्यूसशी झगडावं लागतं. म्हणून चिलर मागावा. काउंटरजवळचे काचेचे फ्रिज मात्र बहुधा शीतपेय कंपन्यांनी दिलेले असतात, त्यात दुसऱ्याचा माल ठेवता येत नाही. बायरने "चिलर दिला" म्हटलं की कोणता, हे विचारावं. दही-ताकाचा उघडा चिलर दुकानाचा स्वतःचा असतो. तिथल्या दोन फेसिंग मला गोंडोल्याच्या टोकावरच्या महागड्या डिस्प्लेपेक्षा मोलाच्या वाटतात.

कोकमचा लाल रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. पारदर्शक बाटली दिव्याखाली राहिली की पुढच्या रांगेतली बाटली मागच्यापेक्षा फिकी, तपकिरी दिसू लागते. दुकानभेटीत दोन्ही शेजारी धरून बघाव्यात. फरक दिसला म्हणजे तिथे माल हलत नाही, किंवा मागचा पुढे ओढला जात नाही.

*

कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं. मार्चमध्ये शेल्फवर जाणारी बाटली गेल्या मेच्या फळांची असते. उन्हाळ्याचं शेल्फ हिवाळ्यातच ठरतं. तेव्हा बायर "लागेल तेवढा पुरवठा" लिहून मागतो आणि ऑर्डर अपुरी भरली तर दंड लावतो. आपल्याकडचा अर्क मोजलेला असतो, मे उजाडेपर्यंत तो वाढत नाही. म्हणून करारात महिन्याची कमाल पेटीसंख्या लिहून घ्यावी आणि दंड फक्त तेवढ्यापुरता मान्य करावा. या मुद्द्यावर मी मागे हटत नाही.

गोदामं बहुधा दोन-तृतीयांश मुदत शिल्लक असलेलाच माल घेतात. सहा महिन्यांची मुदत असेल, तर बाटली भरल्यापासून दोन महिन्यांत तो तिथे पोचायला हवा. तो जास्त वेळ गोदामातच पडून राहिला, तर मुदत संपल्याचा परतावा आपण का सोसावा? परताव्याला खरेदीच्या दोन टक्क्यांची मर्यादा मागावी. चार मागितले जातात, तीनवर बोलणं थांबतं.

*

पैसे कधी? साठ दिवस, नव्वद दिवस असं सर्रास लिहिलेलं असतं. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात जास्त मुदत लिहिली तरी ती टिकत नाही. आर्थिक वर्ष 2023-24 पासून अशी थकबाकी खरेदीदाराला प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे साखळ्यांचे लेखा विभाग आता उद्यम क्रमांक स्वतःहून विचारतात. तुमची उद्यम नोंदणी नसेल, तर बायरची भेट मागण्याआधी ती करून घ्या आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.