किमोनोची उजवी-डावी : माझी एक चूक आणि दोन मीटर कागद



गेल्या वर्षी आमच्या शाळेत 'देशोदेशीचे पोशाख' असा कार्यक्रम होता. माझ्या चौथीच्या वर्गाकडे जपान आला. घरातली एक जुनी रेशमी साडी कापली, टी आकाराचा झगा शिवला, पोटावर लाल ओढणी बांधली आणि एका मुलीला उभं केलं. सगळ्यांनी कौतुक केलं. फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला, फलकावरही लागला.

दुसऱ्या दिवशी एक आई भेटायला आल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या तीन वर्षं ओसाकाला राहिलेल्या. बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नका, पण तो फोटो काढाल का? उजवा पदर वर आलाय. तिकडे तसा किमोनो फक्त मृताला नेसवतात."

मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. फोटो लगेच काढला. पण वर्गात शिकवलेलं कसं काढणार? मग त्यांच्याकडूनच मी किमोनो नीट समजून घेतला. तो तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे माझा साडी कापून शिवलेला झगा मुळातच चुकला होता. मी गळा गोल कापला, काखेत आकार दिला. किमोनोत गोल काप नसतोच. साधारण 36 सेंटीमीटर रुंद आणि 12 मीटर लांब अशी कापडाची एकच पट्टी घेतात आणि तिचे सरळ आठ तुकडे करतात. उरलेलं कापड कापून टाकत नाहीत, शिवणीत दुमडून आत ठेवतात. शिवण हाताची, साध्या धावदोऱ्याची. त्यामुळे पूर्वापार किमोनो उसवून, तुकडे पुन्हा जोडून पट्टी धुवायची आणि परत शिवायचा अशी पद्धत आहे.

हे मुलांना कागदावर दाखवता येतं. सहापट लहान प्रमाण घ्या. 36 चे झाले 6 सेंटीमीटर, 12 मीटरचे झाले 2 मीटर. जुन्या कॅलेंडरची पानं जोडून 6 सेंटीमीटर रुंद, 200 सेंटीमीटर लांब पट्टी करा. मोठ्या बाईच्या किमोनोचे तुकडे असे पडतात :

अंगाचे दोन तुकडे, प्रत्येकी 56 सेंटीमीटर. प्रत्येक तुकडा पुढच्या घेरापासून खांद्यावरून मागच्या घेरापर्यंत सलग जातो, म्हणून खांद्यावर शिवण नसते. दोन्ही तुकडे पाठीच्या मधोमध जोडायचे. खांद्याच्या घडीवर, पाठीच्या शिवणीपासून दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटरची आडवी चीर द्यायची. गळ्यासाठी तेवढीच कात्री लागते.

बाह्यांचे दोन तुकडे, प्रत्येकी साडेसतरा सेंटीमीटर, मधोमध दुमडायचे.

राहिली सुमारे 53 सेंटीमीटर पट्टी. तिच्यातली 50 घेऊन उभी चिरा, म्हणजे 3 सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतील. एका पट्टीचे 25-25 चे दोन भाग करा. ही झाली 'ओकुमी', म्हणजे पुढे एकावर एक येणाऱ्या पदराची जोडपट्टी. दुसरीतून 33 ची 'एरी' म्हणजे कॉलर आणि 16 ची वरची कॉलर. मानेचा घाम आणि मळ या वरच्या कॉलरवर बसतो.

कॉलर लावताना माझ्या वर्गात हमखास गोंधळ होतो. मुलांना गळ्याचा त्रिकोण कापून टाकावासा वाटतो. कापू देऊ नका. चिरेपासून ओकुमीपर्यंत कागद तिरका आत दुमडायचा आणि सरळ पट्टीची कॉलर त्या तिरक्या कडेवर बसवायची.

आता बाही. बाई मोठी असेल तर बाहीची उंची साधारण 49 सेंटीमीटर असते, पण मनगटाकडे जेमतेम 23 सेंटीमीटर उघडी ठेवतात. खालचा भाग शिवून बंद, त्याची पिशवी होते. अंगाच्या बाजूला मात्र उलट. तिथे वरचा अर्धाच भाग जोडतात, खालचा मोकळा. काखेखाली अंगालाही उघडी फट असते. कारण बायकांचा ओबी रुंद आणि उंच बसतो, त्यामुळे हात हलायला ही जागा लागते. शिवाय याच फटीतून हात घालून आतल्या चुण्या सारख्या करतात. पुरुषांचा ओबी अरुंद आणि खाली असतो, म्हणून त्यांची बाही अंगाला जवळजवळ पूर्ण जोडलेली असते.

कापड सरळच राहतं, मग बेतावर बसतं कसं? नऊवारी नेसणाऱ्या आजीला विचारा, ती लगेच सांगेल : नेसताना! आधी आतले कपडे, मग 'नागाजुबान' हा किमोनोच्याच आकाराचा आतला झगा. त्याच्या कॉलरवर पांढरी 'हान-एरी' टाकलेली असते. पुढून ती साधारण दोन सेंटीमीटर दिसते, आणि मळली की तेवढीच उसवून धुता येते. कॉलर मानेला चिकटू द्यायची नाही. मागे मुठीएवढी पोकळी ठेवायची.

त्यावर किमोनो. बाईच्या किमोनोची लांबी साधारण तिच्या उंचीएवढी असते. घेर घोट्यापाशी आणून कमरेला दोरी बांधतात आणि वर उरलेलं कापड दोरीवरून खाली पाडतात. ही घडी 'ओहाशोरी'. ओबीखाली तिची सहा-सात सेंटीमीटरची सरळ पट्टी दिसली की नेसणं जमलं. ती तिरकी दिसली तर आतलं कापड गोळा झालंय असं समजायचं.

शेवटी ओबी. नेहमीचा 'नागोया ओबी' सुमारे साडेतीन मीटर लांब असतो. अंगाभोवती त्याचे दोन वेढे घेतात आणि पुढे सुरकुत्या पडू नयेत म्हणून मध्ये पातळ पुठ्ठा सरकवतात. मागे लहानशी उशी ठेवून तिच्यावरून ओबीचं रुंद टोक खाली सोडतात आणि खालून वर दुमडून चौकोनी 'ढोल' करतात. ओबीचं दुसरं टोक त्या ढोलातून आडवं घालतात. मग एक गोफ त्याच पोकळीतून नेऊन पुढे गाठ मारतात. मला वाटायचं मागे ओबीची मोठी गाठ असते. खरं तर ढोल या गोफाच्या जोरावर उभा राहतो. गोफ सोडला की ढोल सुटतो.

आता माझी चूक. नेसणाऱ्याचा डावा पदर नेहमी वर, बाई असो की पुरुष. इ. स. 719 मध्ये जपानच्या दरबाराने तसा हुकूमच काढला होता. मी मुलीच्या समोर उभी होते. कवायत शिकवताना आपण मुलांसाठी उजवं-डावं उलटं करून दाखवतो ना? इथे ते विसरले आणि माझ्या डाव्या हाताकडचा पदर वर घेतला. तो तिचा उजवा होता. फोटो बघून नेसवत असाल तर तो आरशासारखा उलटा तर नाही ना, हेही पाहा.

सोपी खूण आहे. नेसलेल्या मुलीने आपला उजवा हात छातीशी न्यावा. तो पदराच्या आत सहज सरकला तर बरोबर. डावा सरकला तर चूक.

पुढच्या तासाला मी मुलांना सांगितलं, "मी तुम्हाला चुकीचं दाखवलं होतं." तो किमोनो कुणासाठी असतो, तेही सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग तीच मुलगी पुढे आली. झगा पुन्हा अंगात घातला, डावा पदर वर घेतला, उजवा हात आत सरकवून पाहिला आणि म्हणाली, "बाई, आता फोटो काढा."

तो फोटो आता फलकावर आहे.