रात्रीचा फोन आणि निवडक माणसे

‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असताना फोन बंद नसतो. कॉल येतात, मेसेज जमा होतात, मिस्ड कॉलची नोंदही होते. फक्त आवाज, थरथर आणि पडद्याचे उजळणे थांबते. या शांततेतून कोणाला वाट द्यायची, हे मात्र फोनच्या मालकाला आधी ठरवावे लागते. ही निवड कशी करावी आणि ती कुठे अपुरी पडते, हे प्रस्तुत लेखकाच्या घरातल्या एका प्रसंगातून कळते.

लेखक पुण्यात राहतो आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची त्याची आई गावी एकटी असते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे पावणेपाचपासून सुप्रभात सुरू होई. त्यामुळे त्याची झोप मोडे, आणि आईच्या काळजीमुळे फोन बंद ठेवण्याचा धीरही होत नसे. म्हणून त्याने अँड्रॉइड फोनवर Do Not Disturb मध्ये रोजचे वेळापत्रक लावले : रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच. कॉलसाठी Starred contacts हा पर्याय निवडला आणि संपर्कयादीत आई व बहीण यांच्या नावांना तारा दिला. गजराला सवलत होतीच. बहिणीच्या व्हॉट्सॲप संभाषणासाठी वेगळी पायरी लागली. तिच्या मेसेजच्या सूचनेवर बोट दाबून धरून त्याने Priority निवडले. ताऱ्यामुळे कॉलला वाट मिळते, पण चॅटची परवानगी निराळी असते.

दोन महिने सुरळीत गेले. मग एका रात्री आईला ताप चढला आणि ती उठून बसेना. शेजारच्या काकूंनी स्वतःच्या फोनवरून दोन वाजून दहा मिनिटांनी लेखकाला कॉल केला. तो वाजला नाही. काकू आईजवळ थांबल्या, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि दोन एकतीसला पुन्हा कॉल केला. तोही वाजला नाही. शेवटी त्यांनीच रिक्षा बोलावून आईला दवाखान्यात नेले. पहाटे गजर बंद करताना लेखकाला एकाच नंबरचे दोन मिस्ड कॉल दिसले, आणि त्या सकाळचा अपराधीपणा त्याच्या मनातून अजून गेलेला नाही.

यात फोन बिघडलेला नव्हता. काकूंचा नंबर संपर्कयादीत होता, पण त्याला तारा नव्हता. Repeat callers ही सवलतही चालू होती. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला, तर या सवलतीमुळे अँड्रॉइड तो वाजू देतो. काकूंचा दुसरा कॉल एकवीस मिनिटांनी आला होता. आयफोनमध्ये तर ही मुदत फक्त तीन मिनिटांची आहे. शिवाय फोन नंबर ओळखतो, निकड ओळखत नाही. आईच्या नावाला दिलेला तारा आईच्या फोनपुरताच असतो, आणि आजारी माणूस बहुधा स्वतः फोन करतच नाही.

त्यानंतर लेखकाने यादी नव्याने केली. आईच्या अडचणीत कोण फोन करील, हा प्रश्न धरून तारे दिले : काकू, त्यांचा मुलगा, गावचे डॉक्टर आणि रिक्षावाला. काकूंना त्याने साधी रीत सांगितली : ‘‘उचलला नाही तर थांबू नका, लगेच दुसऱ्यांदा लावा.’’ ही रीत अनोळखी नंबरलाही लागू पडते. दवाखान्याच्या लँडलाइनवरून लागोपाठ दोनदा फोन आला, तर दुसरा वाजतो.

आणखी एक त्रुटी चाचणीत सापडली. मोड चालू ठेवून बहिणीला कॉल करायला सांगितले, तेव्हा तारा असूनही फोन गप्प राहिला. दिवसा बैठकीसाठी रिंगर सायलेंटवर टाकला होता, तो तसाच होता. मोडने कॉलला वाट दिली, पण आवाजच शून्यावर होता. आयफोनमध्ये अशा वेळी एखाद्या संपर्काच्या रिंगटोनखाली Emergency Bypass चालू करता येते. मग सायलेंट असतानाही त्या व्यक्तीचा कॉल वाजतो. अँड्रॉइडवर मात्र झोपण्यापूर्वी रिंगरचा आवाज पाहून घेणे हाच खात्रीचा उपाय.

व्हॉट्सॲपवरून येणारा कॉल हा सिमवरच्या कॉलसारखाच वागेल असे गृहीत धरू नये. तो वेगळा करून पाहावा. चाचणीसाठी तीन कॉल पुरतात : तारा असलेल्या नंबरवरून एक, आणि तारा नसलेल्या नंबरवरून लागोपाठ दोन. पहिला वाजला पाहिजे, दुसरा गप्प राहिला पाहिजे, तिसरा वाजला पाहिजे. फोन बदलल्यावर किंवा त्याचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर हे तीन कॉल पुन्हा करून पाहावेत. ज्यांचे आईवडील दूर राहतात त्यांनी तर ते आज रात्रीच, झोपण्यापूर्वी, करून पाहावेत.