'कावळ्याचा घर वाहून गेला'

उर्दू माध्यमाच्या दुसरीच्या वर्गात मराठी शिकवताना काही वाक्ये दरवर्षी ऐकू येतात. 'टीचर, घर पडला.' 'बाळ रडला.' 'दार उघडा आहे, तो बंद करू?' बाहेरचा माणूस ऐकतो आणि म्हणतो, ह्या मुलांचे मराठी कच्चे आहे. मला तसे वाटत नाही. मुलांच्या घरच्या भाषेत, म्हणजे उर्दूत किंवा दखनीत, लिंगे दोनच आहेत. घर तिथे पुल्लिंगी, दरवाजाही पुल्लिंगी. मराठीत तिसरे लिंग आहे आणि ते कुठे लावायचे हे सांगणारी कुठलीही खूण वस्तूवर नसते. मुले हाताशी असलेला नियम लावतात. त्यांचे तर्क बरोबर असते, भाषा तेवढी वेगळी असते.

अभ्यासक्रम विषयाच्या पेपरसाठी 'पहिली-दुसरीत कथाकथन' हा मुद्दा मी घेतला, तेव्हा मूल्यशिक्षण, कल्पनाशक्ती अशी नेहमीची शीर्षके समोर आली. मी ती बाजूला ठेवली आणि एकच गोष्ट तपासायची ठरवली. चिमणी-कावळ्याची जुनी गोष्ट उर्दू बोलणाऱ्या मुलाला हे तिसरे लिंग शिकवू शकते का?

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा चिमणीच्या दाराशी येतो आणि ती बाळाचे एकेक काम सांगून त्याला थांबवून ठेवते. आता यातले शब्द पाहा. घर, दार, बाळ, शेण, मेण. सगळे नपुंसकलिंगी. कावळा आणि पाऊस पुल्लिंगी, चिमणी स्त्रीलिंगी. म्हणजे पाऊस आला, चिमणी उठली, बाळ उठलं, ही तिन्ही रूपे एकाच गोष्टीत शेजारी शेजारी येतात, आणि बाळाचे काम बदलत बदलत तीच रचना सहा-सात वेळा कानावर पडते. इतकी पुनरावृत्ती मी स्वाध्यायात दिली तर मुले कंटाळतील. गोष्टीत मात्र तीच मुले 'फिर से' म्हणतात.

ही गोष्ट कानानेच का ऐकवावी, याचे आणखी एक कारण छापील मराठीत दडले आहे. आपण बोलतो 'घर वाहून गेलं' आणि लिहितो 'घर वाहून गेले'. मराठी घरातल्या मुलाला याने काही फरक पडत नाही, कारण त्याच्या कानात 'गेलं' आधीपासून असते. माझ्या वर्गातल्या मुलाला 'गेले' म्हणजे 'गए' वाटते, अनेकवचन. त्यामुळे पुस्तकातून सुरुवात केली तर तिसरे लिंग त्याला वेगळे दिसतच नाही. बोलण्यातला 'गेलं'चा शेवट मात्र 'गेला'पासूनही वेगळा ऐकू येतो आणि 'गेले'पासूनही.

मी आठवडाभर एकच गोष्ट घेते. पहिल्या दिवशी पाच शब्द वस्तू दाखवून देते. मेणासाठी मेणबत्ती, शेणासाठी वाळलेली गोवरी, दार तर समोरच असते. मग पुस्तक न घेता पूर्ण गोष्ट मराठीत, हातवाऱ्यांसह, सहा-सात मिनिटांत सांगते. मधे उर्दूत भाषांतर करत नाही. केले तर मुले उर्दू वाक्याची वाट पाहतात आणि मराठी वाक्य कानाबाहेर जाते.

दुसऱ्या दिवशी वाक्याच्या शेवटी थांबते. 'कावळ्याचं घर वाहून...' वर्ग म्हणतो, 'गेला!' मी थांबवून दुरुस्त करत नाही. 'हो, वाहून गेलं, सगळं घर वाहून गेलं,' असे म्हणत गोष्ट पुढे नेते. तिसऱ्या दिवशी अर्धा वर्ग कावळा, अर्धा चिमणी. इथे मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलेही बोलतात, कारण एकट्याने बोलायचे नसते.

चौथा दिवस सर्वांत महत्त्वाचा. चिमणीने दार न उघडण्याची नवी कारणे मुलांनी द्यायची. 'बाळ शीरखुर्मा खातंय.' 'बाळ मदरशातून आलं नाही.' एका मुलाने सांगितले, 'बाळ मोबाईल बघतंय.' पाठ केलेले वाक्य आणि स्वतःचे वाक्य यांतला फरक इथेच कळतो. गोष्टीत नसलेल्या क्रियापदालाही मूल 'बाळ'च्या मागे बरोबर शेवट लावत असेल, तर ते रूप त्याचे झाले.

पाचव्या दिवशी मुले सांगतात तशी चार वाक्ये मी फळ्यावर लिहिते, बोलतात तशीच, अनुस्वारासह. मग वाचन. 'गेले' हे लिखित रूप नंतर येते, 'आपण बोलतो असं, पुस्तकात लिहितात तसं,' एवढे सांगून.

या वाचनात एक फसगत होऊ शकते. गोष्ट पाठ असल्यामुळे मूल फळ्याकडे बोट दाखवत घडाघडा म्हणते आणि आपल्याला वाटते, वाचायला आले. तपासायची रीत सोपी आहे. मुलांचे लक्ष नसताना 'घर' पुसून तिथे 'झाड' लिहायचे. जे मूल अडखळते, हसते किंवा 'टीचर, गलत लिखा' म्हणते, ते वाचत आहे. जे सरळ 'घर' म्हणून पुढे जाते, त्याला अक्षरओळखीचे काम वेगळे द्यावे लागते. ते काम गोष्ट करत नाही. एका आईने मला विचारले होते, 'टीचर, लडकी रोज कहानीच सुनके आती, पढना कब आयेंगा?' तिचा प्रश्न रास्त होता. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षकही गोष्टींपासून सुरुवात करतो आणि 'हे काय शिकवणे झाले?' असा प्रश्न त्यालाही ऐकावा लागतो. 3 ते 8 वयोगटासाठीच्या 2022 च्या राष्ट्रीय आराखड्यातही मौखिक भाषेबरोबर अक्षर-शब्दओळख, वाचन आणि लेखन ही कामे स्वतंत्रपणे धरली आहेत.

दुसरी मर्यादा लिंगाबाबतच दिसली. आठवड्यानंतर घर, दार, बाळ हे शब्द बहुतेक मुले बरोबर वापरू लागली. पण ताट खाली पडले तेव्हा तीच मुले म्हणाली, 'ताट पडला.' म्हणजे गोष्टीने नियम शिकवला नाही, शब्द त्यांच्या शेवटासकट दिले. ह्या वयात ते तसेच होणार. मग उपाय एकच, पुढची गोष्ट नीट निवडायची.

इथे गोष्टींची यादी वेगळ्या नजरेने पाहावी लागते. भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट मुलांना फार आवडते, पण त्यात वाघ, कोल्हा, भोपळा सगळे पुल्लिंगी. तिसऱ्या लिंगासाठी ती फारशी उपयोगाची नाही. ससा-कासव मात्र नेमकी आहे. उर्दूत खरगोश आणि कछुआ दोन्ही पुल्लिंगी. मराठीत ससा धावला, कासव चाललं. ससा झोपला, कासव थांबलं नाही. शर्यतभर हा फरक कानावर पडत राहतो आणि दोघांत कोण जिंकलं हे कळण्यासाठी मुलाला तो ऐकावाच लागतो. त्यानंतर उंदीर आणि मांजराची एखादी गोष्ट, कारण मांजरही 'आलं'.

पेपरमध्ये मी शेवटी एवढेच मांडले आहे. पहिली-दुसरीच्या नियोजनात गोष्टीच्या नावापुढे 'तात्पर्य' असा रकाना असतो. दुसरी भाषा म्हणून मराठी शिकणाऱ्या वर्गासाठी त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: ह्या गोष्टीत कोणते रूप, किती वेळा ऐकू येते.