नान-कलिया, रात्रीचे तीन आणि दोन इंजेक्शनं

आमच्या औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, नाव काढलं की खवय्यांना नान-कलिया आठवतो. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ इथे आला असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. छावणीतल्या लग्नाच्या दावतीत मात्र मोठ्या देगेत शिजलेला कलिया, वर बोटभर तर्री आणि सोबत गरम नान असा बेत असला की पाहुणे आपसूक वेळेवर येतात. :)

आज त्याच्याबद्दल लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या पुतणीला टाईप वन डायबिटीस आहे. वय वीस. जेवणाआधी पेनने झटपट काम करणारं इन्सुलिन आणि रात्री एकदा लांब पल्ल्याचं. तिचा हिशोब साधा आहे: दहा ग्रॅम कार्बला एक युनिट. वरण-भात, पोळी-भाजी, पोहे, सगळीकडे हा हिशोब छान जमतो. कलियाच्या दिवशी मात्र फसायचा, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

गेल्या वर्षी छावणीतल्या एका दावतीतले आकडे तिच्या दंडावरच्या सेन्सरने नोंदवून ठेवले आहेत. जेवणाआधी साखर १२४. दोन नान म्हणजे साधारण ८० ग्रॅम कार्ब, म्हणून आठ युनिट. नऊला जेवली. सव्वादहाला साखर ७२ आणि बाण खाली! तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायली. बारा वाजता १४८. सगळे निवांत झोपले. तीन वाजता २७१, सकाळी सहाला २४६.

सकाळी तिच्या आईचा पहिला प्रश्न, "खीर किती खाल्लीस?" खीर तिने खाल्लीच नव्हती. आणि ते तीन चमचे? पंधरा ग्रॅम साखर तासाभरात आपलं काम करून मोकळी होते, ती सहा तासांनी डोकं वर काढत नाही.

मग झालं काय? तेला-तुपाने पोट सावकाश रिकामं होतं. त्यामुळे नान पोटातच रेंगाळला आणि इन्सुलिन मात्र वेळेवर हजर झालं. हे इन्सुलिन पंधरा मिनिटांत सुरू होतं, तास-दीड तासात जोरात असतं आणि चार तासांत जवळजवळ संपतं. म्हणून आधी साखर पडली. पुढचा भाग जास्त गंमतीचा. चरबी रक्तात उतरली की शरीर इन्सुलिनला काही तास कमी दाद देतं आणि यकृतही जास्त साखर सोडतं. मटणातल्या प्रोटीनने ग्लुकागॉन वाढतं, काही प्रोटीनची हळूहळू साखर होते, तेही तीन-चार तासांनी. तोवर इन्सुलिन घरी गेलेलं असतं! म्हणजे नुसता उशीर नाही, एकूण गरजही वाढते.

बोस्टनच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये हे पिझ्झावर मोजलं. इन्सुलिन पंप लावलेल्या दहा जणांना तितक्याच कार्बचे दोन पिझ्झे दिले, एक कमी चरबी-प्रोटीनचा आणि एक भरपूर चीजचा. चीजवाल्याला सरासरी ६५ टक्के जास्त इन्सुलिन लागलं. त्यातलं ३० टक्के सुरुवातीला आणि उरलेलं सुमारे अडीच तासांत थोडं थोडं दिलं तेव्हा गणित जुळलं. मला मात्र त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: कुणाला १७ टक्केच जास्त लागलं, तर कुणाला १२४. म्हणून शेजारणीच्या मुलाचा डोस आपल्या मुलीला लावायचा नाही.

पंपाला हे सावकाश देणं एका बटणाचं काम. पेनवाल्यांना दोनदा टोचावं लागतं. पण त्याआधी तिच्या डॉक्टरांनी एक बारीक प्रश्न विचारला, "वरण-भाताच्या दिवशी रात्रीची साखर कशी असते?" सेन्सरवर बघितलं, तर रात्रभर सपाट रेघ. त्या रात्रीही साखर चढत असती तर दोष कलियाचा नव्हे, लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा ठरला असता आणि उपायही वेगळा झाला असता. ही तपासणी बरेच जण गाळतात.

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका शनिवारी घरीच कलिया आणला. तेवढेच दोन नान. एकूण डोस वाढवला नाही, फक्त तोडला: जेवणाआधी पाच, दीड तासाने तीन. साखर पडली नाही, दहा-सव्वादहाला ११२. तीन वाजता मात्र २१८. म्हणजे वेळ जमली, प्रमाण कमी पडलं. पुढच्या खेपेला आधी पाच आणि साडेदहाला पाच, एकूण दहा. तीन वाजता १५६, सकाळी १३२. त्या रात्री जाऊबाईंनी दीडला आणि तीनला असे दोन गजर लावले होते, आणि दोन्ही वेळा त्या गजराच्या आधीच जाग्या होत्या.

भीती साहजिक होती. दुसरं इंजेक्शन पहिल्याच्या शेपटावर बसतं. त्यातच बाराला साखर थोडी चढलेली दिसली म्हणून कुणी तिसरं टोचलं, तर पहाटे तिन्हींचं मिळून साखर धाडकन पाडू शकतात, आणि तेव्हा माणूस झोपेत असतो. म्हणून तिचे नियम कडक आहेत. दुसऱ्या डोसआधी साखर शंभरच्या खाली असेल किंवा बाण खाली असेल तर तो घ्यायचा नाही, थांबायचं. तो घेतल्यावर चार तास नवीन डोस नाही. आणि दावतीत नाचणं झालं असेल, तर वाढवलेली दोन युनिटं रद्द, कारण त्या रात्री शरीर आपोआप कमी इन्सुलिनमध्ये भागवतं.

आणखी एक. आपल्याकडे अजून पुष्कळ जण जुनं रेग्युलर इन्सुलिन घेतात. ते अर्ध्या तासाने सुरू होतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं, त्यामुळे बिर्याणीशी त्याची चाल थोडीफार आपोआपच जुळते. त्यांनी हे तोडणं आंधळेपणाने करू नये, रात्री पडायची भीती जास्त. आणि ३०/७० चं मिश्रण घेणाऱ्यांना तर हा रस्ताच बंद आहे, कारण दुसरा डोस घेतला की त्यातलं लांब पल्ल्याचंही पुन्हा आत जातं. त्यांनी नान एकच घ्यावा आणि तर्री बाजूला सारावी. (तर्रीशिवाय कलिया म्हणजे काय, हे मला विचारू नका.)

परवा पुतणीचा फोन. "काकू, मैत्रिणीच्या घरी बिर्याणी आहे. यातही पाच-पाचच?"

"किती भात खाणार ते सांग आधी," मी म्हटलं.

तांदूळ नानपेक्षा वेगळा वागतो, तुपाचा अंदाज नाही, मटण की चिकन तेही माहीत नाही. शेवटी तिने डॉक्टरांना मेसेज केला. उत्तर आलं: भाताच्या हिशोबाचं निम्मं आधी, उरलेलं दीड तासाने बघून, वाढवायचं काही नाही. पहिल्या खेपेला फक्त आकडे लिहून ठेव.

तिने लिहून ठेवलेत. तीन वाजता १९४.