एक तारखेपासून लागू

इन्सेन्टिव्हचे नियम बदलल्याचा मेल आता अकोल्यापासून जामखेडपर्यंत सगळ्यांच्या फोनवर एकाच क्षणी वाजतो. आमच्या पिढीला तोच बदल टपालाने यायचा, आणि तोही प्रत्येकाला वेगळ्या दिवशी. एक तारखेपासून लागू असलेलं परिपत्रक पंधरा तारखेला हातात पडायचं. तोवर आम्ही औषध प्रतिनिधींनी पंधरा दिवसांची धावपळ जुन्याच नियमावर भरवसा ठेवून केलेली असायची. त्या काळाचे गोडवे गाताना आधी हे सांगायला हवं.

तरीही त्या परिपत्रकामागून येणारी नगरची बैठक आठवते. सगळे सकाळच्या एसटीने माळीवाड्याला उतरायचे. प्रत्येकाच्या पिशवीत आपापल्या स्टॉकिस्टांची स्टेटमेंटं असायची, कार्बनच्या निळ्या डागांसकट. एरिया मॅनेजर परिपत्रक एकदा मोठ्याने वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. मग फळ्यापाशी जाऊन म्हणायचे, "चला, राहुरीचे आकडे सांगा." त्या माणसाच्याच विक्रीवर, त्याच्याच टार्गेटवर, जुना नियम डावीकडे आणि नवा उजवीकडे मांडला जायचा. शेवटी खाली दोन रकमा यायच्या. कोणाचे किती वाढले आणि कोणाचे किती गेले, हे सगळ्यांसमोर दिसायचं. ज्याचे गेले तो तिथेच उभा राहून विचारायचा, "साहेब, मग सप्टेंबरचं काय?"

आताच्या मेलला असा प्रश्न तोंडावर विचारता येत नाही. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर मेलमध्ये आधीच असावं लागतं. बहुतेक वेळा ते नसतं.

आमचा जुना नियम साधा होता आणि क्रूरही. तिमाहीचं टार्गेट १२ लाख धरू. ते पूर्ण झालं तर सगळ्या विक्रीवर एक टक्का, म्हणजे निदान १२ हजार रुपये. विक्री ११ लाख ९० हजारांवर थांबली तर शून्य. या एका रेषेपायी तिमाहीच्या शेवटच्या दिवशी काय चालायचं, ते जिल्ह्यातल्या प्रत्येक स्टॉकिस्टाला ठाऊक होतं. संध्याकाळी त्याच्या काउंटरवर कोपर टेकून आम्ही म्हणायचो, "दादा, दोन पेट्या घ्या, क्लोजिंग आहे." दादा घ्यायचे. दोन महिन्यांनी त्या पेट्या तशाच परत यायच्या किंवा एक्स्पायरी होऊन पडायच्या. आम्ही त्याला विक्री म्हणत होतो, पण औषध रुग्णापर्यंत पोचलेलंच नसायचं.

हल्लीच्या नियमांनी ती रेष खाली आणली, हे चांगलंच झालं. समजा मेलमध्ये नवा नियम असा आहे: परत आलेला माल वजा करून निव्वळ विक्री धरायची. ती टार्गेटच्या नव्वद टक्क्यांना पोचली की टार्गेटपर्यंतच्या विक्रीवर ०.८ टक्के मिळतील, आणि टार्गेटच्या वर जेवढं जाईल तेवढ्याच रकमेवर दोन टक्के. यात ११ लाख ४० हजार विकणाऱ्याला ९,१२० रुपये मिळतात. जुन्या नियमाने त्याला काहीच मिळालं नसतं. पण १३ लाख विकणाऱ्याला पूर्वी १३ हजार मिळायचे. आता १२ लाखांवरचे ९,६०० आणि वरच्या एका लाखावरचे २,००० मिळून ११,६०० होतात. त्याचे १,४०० रुपये गेले.

मेलमधली उदाहरणं वाचताना मी सगळ्यात आधी हेच बघतो: ज्याचं नुकसान होतंय, त्याचं एखादं उदाहरण आहे का? बहुधा दोन उदाहरणं असतात, एक ९५ टक्केवाल्याचं आणि एक १५० टक्केवाल्याचं. दोघांचाही फायदाच दाखवलेला असतो. ११० टक्क्यांच्या आसपासचा मेहनती माणूस, ज्याच्यावर सगळा भाग उभा असतो, तो उदाहरणात कुठेच नसतो. आमच्या फळ्यावर त्याला गाळता येत नव्हतं, कारण तो समोर बसलेला असायचा.

दुसरी गोष्ट तारखेची. "१ ऑक्टोबरपासून लागू" एवढ्याने काहीच ठरत नाही. काय लागू? त्या तारखेनंतरची ऑर्डर, बिल, की वसुली? २८ सप्टेंबरला श्रीरामपूरला घेतलेल्या ऑर्डरचं बिल ३ ऑक्टोबरला निघालं, तर ती विक्री कोणत्या नियमात बसते? बिलाची तारीख धरणार असाल तर तसं लिहा. एका ओळीचं काम आहे.

परतीच्या मालात तर याहून मोठी रक्कम अडकते. एक हिशोब बघू. ऑक्टोबर ते डिसेंबरची बिलं ११ लाख २० हजारांची झाली आणि याच काळात ७० हजारांचा माल परत आला. त्यातला ४० हजारांचा माल सप्टेंबरच्या बिलांवरचा, म्हणजे जुन्या नियमात विकलेला. सगळे ७० हजार वजा केले तर निव्वळ विक्री १० लाख ५० हजार राहते, म्हणजे टार्गेटच्या साडेसत्याऐंशी टक्के. हातात काही नाही. फक्त नव्या बिलांवरचे ३० हजार वजा केले तर १० लाख ९० हजार राहतात. तो माणूस नव्वद टक्क्यांची पायरी चढतो आणि त्याला ८,७२० रुपये मिळतात. "१ ऑक्टोबरपूर्वीच्या बिलांवर परत आलेला माल वजा होणार नाही," हे वाक्य मेलमध्ये आहे की नाही, यावर ही रक्कम ठरते. ते वाक्य नसेल तर जानेवारीत मुख्य कार्यालयातला कोणीतरी आपल्या समजुतीने हिशोब करणार, आणि पाथर्डीच्या मुलाला रक्कम कळणार ती थेट खात्यावर.

आमच्याकडे मॅनेजर म्हणतील ते प्रमाण होतं. चांगला मॅनेजर असेल तर "जुन्या मालाची परती जुन्यात" असं तिथल्या तिथे सांगून टाकायचा आणि वरच्यांशी भांडून ते मिळवून द्यायचा. वाईट असेल तर तेच वाक्य लाडक्याला लागू व्हायचं, बाकीच्यांना नाही. नाशिकच्या भागात एक अर्थ, आमच्या नगरच्या भागात दुसरा. बोललेल्याचा पुरावा कोणाकडेच नसायचा. १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्यामुळे आम्हाला औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण होतं, आणि वेतनासारख्या शर्तींत बदल करायचा तर एकवीस दिवस आधी नोटीस देण्याचं कलमही त्यात होतं. पण इन्सेन्टिव्ह म्हणजे पगाराबाहेरची योजना, असं म्हटलं की संघटनेबाहेरचा एकटा माणूस गप्प बसायचा.

आज मेल जपून ठेवता येतो, तीन वर्षांनी शोधून दाखवता येतो. "मी असं बोललोच नव्हतो" म्हणायची सोय उरलेली नाही. हे मला मनापासून पटतं, आणि तरी तो फळा हवासा वाटतो. अकोल्याच्या पावसात पोचायलाच अर्धा दिवस जाणारा आणि उन्हाळ्यात जामखेडच्या टापूत फिरणारा, या दोघांच्या आकड्यांत फरक का आहे, हे मॅनेजरांना तोंडी सांगावं लागत नव्हतं. ते दोन्हीकडे आमच्या गाडीवर मागे बसून फिरलेले असायचे. मेल लिहिणाऱ्याला भागाचं नाव एका रकान्यात दिसतं. हल्ली तिथे अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि पुढे टार्गेट.

माझ्या ओळखीतली, आज हेच काम करणारी मुलं मेल आला की फोन करतात. मी त्यांना सांगतो, गेल्या तिमाहीचे आपले आकडे नव्या नियमात घालून बघा आणि आलेली रक्कम उत्तराच्या मेलमध्ये लिहून विचारा: "माझा हिशोब असा येतो, बरोबर आहे का?" सप्टेंबरच्या बिलांच्या परतीची ओळ वेगळी लिहा. आणि हे लागू तारखेच्या आधी पाठवा. पहिल्या बिलानंतर विचारलेला प्रश्न तक्रार म्हणून वाचला जातो.