प्लेगच्या उत्तरात कोण राहून गेले?

घोडेगावच्या अभ्यासिकेत रविवारी आम्ही मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासतो. जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवरून येणारी ही मुले. परवा प्रश्न होता : 'प्लेगच्या साथीने महाराष्ट्रातला समाज कसा बदलला?' बहुतेकांनी एकच साखळी लिहिली : प्लेग, रँड, घरझडत्या, चापेकर, राष्ट्रवाद. त्यात खोटे काही नाही. एम. ए.ला आम्हीही हेच लिहून गुण घेतले होते. म्हणून मुलांवर रागावण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण या उत्तरातून माणसेच गळून पडतात, हे सांगणे भाग आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकार थेट घरात, माजघरात शिरले. पण आजार उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे सिमाँड या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे पुण्यात माणसे पकडून छावणीत नेली जात होती, तेव्हा उंदीर मात्र मोकळेच होते. झडतीच्या धाकाने लोक रोगी लपवत, तो तोटा वेगळाच.

घरात मेलेले उंदीर पडू लागले, की घर सोडून रानात झोपडी घालायची, हा उपाय खरा लागू पडे. कारण माणूस उंदरापासून लांब जाई. पण ज्याला रानच नाही, त्याने झोपडी कोणाच्या बांधावर घालायची? आणि महारवाड्यातल्या रोग्याला उचलायचे कोणी?

याचे उत्तर सावित्रीबाईंनी दिले. डॉक्टर यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले गायकवाडांचे आजारी पोर पाठीवर घेऊन त्या तिथे गेल्या. पोर वाचले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जूनला. आमच्या उत्तरात जूनची तारीख पाठ होती, मार्चची नव्हती.

बदल पुढेही आहे. साथीच्या धसक्याने १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करायचे, चाळी बांधायच्या, असे त्याचे काम. घरे आधी पाडली गेली, नवी मागाहून उभी राहिली. गरीब बेघर होऊन शेजारच्या खोलीत दाटीने शिरले. तरी याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत पुढे बाबासाहेबांनी संसार केला, रात्र रात्र अभ्यास केला.

आम्ही मुलांना एवढेच सांगितले : रँड लिहा, चापेकर लिहा. पण साथीत घर कोणाचे झडले, कोणाचे पाडले आणि रोग्याला पाठीवर कोणी घेतले, हे तीन प्रश्न आधी सोडवा. राष्ट्रवादाचा परिच्छेद त्यानंतर.