स्क्रीनवर ‘आई’!

मी अंधेरीत, आई-बाबा मुलुंडला. अंतर तास-दीड तासाचं, पण अवेळी स्क्रीनवर ‘आई’ झळकलं की पोटात गोळा येतो. फोन उचलेपर्यंत मनात अॅम्ब्युलन्स येऊन गेलेली असते. पलीकडून प्रश्न, ‘अगं, कोथिंबीर वड्या पाठवू?’

यावर सोपा उपाय वाटतो तो आपणच फोन करण्याचा. ‘बरे आहात ना?’ ‘हो’ ऐकलं की हुश्श! पण ते हुश्श फार टिकत नाही. गोची इथेच आहे, बॉस. फोन केला म्हणून जीव भांड्यात पडला, हे मन शिकतं आणि पुढची शंका आणखी लवकर येते.

म्हणून आमचा करार झालाय. रोज रात्री नऊला एकच फोन. दुपारी धास्ती वाटली तरी नऊपर्यंत थांबायचं. सुरुवातीला जीव टांगणीला लागतो, मग लाट आपोआप ओसरते. अवेळी फोन केलाच, तर आईचं पहिलं वाक्य ‘सगळं ठीक आहे’. खऱ्या इमर्जन्सीसाठी शेजारच्या काकूंकडे चावी, फ्रिजवर औषधांची यादी आणि 108 नंबर. झोपच उडाली, तर मात्र काउन्सेलर गाठायचा.

तो फोन कधीतरी येणारच. पण रोज मनात वाजवून त्याची तयारी होत नाही, नऊच्या गप्पा तेवढ्या वाया जातात.